चार लॉग, चार वेगळे बेस आणि फोटो अंधुक: सोपं रूप कसं द्यायचं?

सायली_लिहिते
मंडळी मदत करा. भाच्याने काल रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, आत्या हे कसं सोडवायचं. लॉग मी शाळेत केलेत पण मधे बरीच वर्षं गेली, नियम आठवतात, कुठला कुठे लावायचा ते आठवत नाही. फोटो जोडलाय पण तिरका आहे आणि पानावर सावली पडलीये त्यामुळे मला जसं दिसतंय तसं टाईप करते:

log₄27 · log₉8 + log₂12 − log_√2 √3

शेवटच्या लॉगमधे खाली जो २ आहे त्याच्या डोक्यावर मूळचिन्ह आहे की पेनची रेघ सरकलीये ते कळत नाहीये. वर ३ वर पण तसंच काहीतरी आहे. खाली अजून एक ओळ आहे, ती नंतर विचारते, आधी हे. प्रश्न एवढाच आहे की "सोपे रूप द्या". चार लॉग आणि चारही बेस वेगळे, मग बेरजेचा नियम लावू कशाला?

कोडवाला
कॅल्क्युलेटरवर टाकलं, उत्तर ७.१७ च्या आसपास येतंय. सोपं रूप वगैरे काही होत नाही, दशांशातच द्यायचं असेल.

सायली_लिहिते
असं कसं, चौथा लॉग कसा टाकलात? बेस टाकायची सोय आहे का त्यात?

कोडवाला
बेस कुठला? मी log 427 गुणिले log 98 अधिक log 212 असं टाकलं. शेवटी मूळ २ गुणिले मूळ ३ चा लॉग वजा केला.

घातांक
कोडवाला, फोटो झूम करून बघा की जरा 🙂 ते ४२७ नाहीये, ४ खाली आहे आणि बारीक आहे, २७ ओळीवर आहे. ९ आणि ८ चं पण तेच. खाली उतरलेला आकडा बेस असतो. तुम्ही सगळं दहाच्या बेसने काढलंत, ते गणितच वेगळं झालं.

सायली, तुमचा प्रश्न बरोबर आहे. बेरजेचा नियम, म्हणजे log a + log b = log ab, हा दोन्हीकडे बेस सारखा असला तरच चालतो, म्हणून आधी नियम शोधत बसायचं नाही, आधी आतले आकडे बघायचे. ४, २७, ९, ८, २, १२, आणि मूळ २, मूळ ३. यातला प्रत्येक आकडा फक्त २ आणि ३ पासून बनलाय. १२ म्हणजे दोनदा २ आणि एकदा ३. बाकी सगळे कुणाचे तरी घात. याचा अर्थ सगळ्या गणितात खरी अनोळखी गोष्ट एकच आहे, log₂3. तिला L म्हणा. बाकी सगळं L मधे लिहिता येतं, मग ते साधं बीजगणित उरतं.

बेस बदलायचं सूत्र आठवत असेलच, log_b a = log_c a / log_c b, नवा c आपल्या मर्जीचा. इथे मर्जीने २ घ्या कारण अर्ध्या आकड्यांचं उत्तर तोंडावर येतं.

log₄27 = log₂27 / log₂4 = 3L/2
log₉8 = log₂8 / log₂9 = 3/(2L)

गुणाकार केला की L उडतो, 9/4 उरतं. पुढचं तुम्ही करून बघा आणि इथे टाका, अडलं तर सांगतो.

अर्धा_कप
एवढं कशाला हो, सरळ गुणाकार करा ना. बेस बेसला गुणा, आतला आतल्याला गुणा. ४ गुणिले ९ छत्तीस, २७ गुणिले ८ दोनशे सोळा. log₃₆216. छत्तीस म्हणजे सहाचा वर्ग, २१६ म्हणजे सहाचा घन, तर उत्तर 3/2. बघा किती सुबक आलं. मुद्दाम तसे आकडे दिलेत पेपर काढणाऱ्याने.

घातांक
सुबक आलं खरं, पण चूक आहे. योगायोगाने २१६ आणि ३६ दोन्ही सहाचे घात निघाले म्हणून फसवतंय. असा नियमच नाही. लॉगमधे गुणाकार हा आतल्या आकड्यांचा होतो आणि त्यातून लॉगांची बेरीज निघते, लॉगांचा गुणाकार नाही. दोन लॉग एकमेकांना गुणले तर त्याला सूत्र काहीच नाही, बेस बदलून काही कटलं तर कटलं.

कॅल्क्युलेटर न घेता पण पकडता येतं. चाराचा कितवा घात २७? दुसरा १६, तिसरा ६४, म्हणजे log₄27 दोनाच्या वर आहे. नऊचा कितवा घात ८? आठ हा नऊच्या किंचितच खाली, म्हणजे log₉8 एकाच्या किंचित खाली, ०.९ च्या वरच असणार. दोनाच्या वरचं काहीतरी गुणिले ०.९ च्या वरचं काहीतरी, ते १.८ च्या खाली जाईलच कसं? दीड येणं शक्यच नाही.

अर्धा_कप
हं. ०.९ च्या वर कशावरून पण?

घातांक
नऊचा ०.९ वा घात साधारण ७.२ येतो, आठ त्याच्या पुढे आहे. ते नाही पटलं तर नुसतं "अर्ध्याच्या पुढे खूप" एवढं धरा, नऊचा अर्धा घात म्हणजे ३, आणि ८ तिथून बराच लांब आहे.

जुना_खडू
घातांक यांनी सांगितलेली पद्धत बिनचूक आहे, पण फळ्यावर मी हे अजून एका वाटेने दाखवायचो, मुलांना मजा यायची. बेसबदलाचं सूत्र दोन्ही लॉगांना लावा, पण c काय आहे ते ठरवूच नका, नुसतं log लिहा.

log₄27 · log₉8 = (log 27 / log 4) · (log 8 / log 9)

आता हे चार आकड्यांचे साधे अपूर्णांक झाले. अपूर्णांकांच्या गुणाकारात वरचे दोन एकमेकांची जागा घेऊ शकतात, छेदाला काही फरक पडत नाही. तर २७ आणि ८ ची अदलाबदल करा.

= (log 8 / log 4) · (log 27 / log 9) = log₄8 · log₉27

आणि हे बघा, चार आणि आठ एका घरचे, नऊ आणि सत्तावीस एका घरचे. log₄8 म्हणजे 3/2, log₉27 म्हणजे 3/2. झालं 9/4. यात L पण लागला नाही. पेपर काढणाऱ्याने २७ आणि ८ मुद्दाम चुकीच्या घरात बसवले होते, आपण नेऊन सोडले.

अर्धा कप, तुमचं वाईट वाटून घेऊ नका, बेस गुणायची चूक मी वर्षानुवर्षं तपासलीये. गुणाकाराच्या नियमाचं नाव "गुणाकाराचा नियम" आहे ना, त्यामुळे मुलं लॉगांचा गुणाकार दिसला की तोच लावतात. त्या नावातच घोळ आहे असं मला तरी वाटतं.

सायली_लिहिते
अदलाबदल भारीच आहे सर, मी दोनदा वाचलं. ते c ठरवायचंच नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं दहाच घ्यावं लागतं.

तिसरा केला, log₂12 = log₂4 + log₂3 = 2 + L. इथे बेस एकच म्हणून बेरजेचा नियम चालला, बरोबर ना?

चौथ्याला अडलेय. log_√2 √3. मूळ म्हणजे अर्धा घात, ३ चा अर्धा पुढे आला, ½. मग बेसच्या मूळाचं काय करू?

अर्धा_कप
हे मला येतं 😀 घात पुढे येतो. वरचा अर्धा पुढे, खालचा अर्धा पण पुढे. अर्धा गुणिले अर्धा पाव. म्हणजे ¼L. एकूण 9/4 + 2 + L − ¼L = 17/4 + ¾L. उत्तर असंच ठेवायचं, यापुढे काही कटत नाही.

घातांक
अर्ध्यापर्यंत बरोबर. वरचा अर्धा गुणाकारात पुढे येतो हे खरं. बेसचा घात मात्र छेदात जातो, म्हणजे अर्ध्याने भागायचं, म्हणजेच दोनने गुणायचं. अर्धा गुणिले दोन, एक. log_√2 √3 = L, अख्खा.

का छेदात, ते सूत्र घोकून लक्षात राहत नाही, मोजून राहतं. log म्हणजे बेसची किती पावलं टाकली की त्या आकड्याला पोचतो. बेस २ असेल तर एका पावलात दुप्पट होतं. बेस मूळ २ असेल, म्हणजे १.४१४ च्या आसपास, तर दुप्पट व्हायला दोन पावलं लागतात. पाऊल छोटं म्हणजे पावलं जास्त. त्यामुळे बेसचं मूळ घेतलं की लॉग दुप्पट होणार, निम्मा नाही. पडताळा घ्यायचा तर मूळ २ चा तिसरा घात २.८२८, म्हणजे ३ ला पोचायला तीनपेक्षा जरा जास्त पावलं, ३.१७. आणि log₂3 आहे १.५८५. दुप्पटच.

जुना_खडू
किंवा एका ओळीत. log_√2 √3 = k म्हणा. म्हणजे (√2)ᵏ = √3. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 2ᵏ = 3. म्हणजे k = log₂3. बेस आणि आतला आकडा दोघांना एकच घात चढवला की लॉग जागचा हलत नाही.

सायली_लिहिते
अरे! म्हणजे 2 + L − L. L गेला. 9/4 + 2 = 17/4.

म्हणजे मूळचिन्ह आहे की रेघ सरकलीये यावर सगळं अवलंबून होतं तर. माझं डोकं दुखलं त्या फोटोपायी.

घातांक
इथे एक गंमत आहे बघा. दोन्हीकडे मूळ असेल तर L येतो. दोन्हीकडे मूळ नसेल, नुसतंच log₂3 असेल, तरी L च येतो. उत्तर तेच, 17/4. घोळ तेव्हाच होतो जेव्हा एकावर मूळ वाचलं आणि दुसऱ्यावर नाही. खालचं सुटलं तर log₂√3 = ½L वजा होतो आणि 17/4 + ½L उरतं, ५.०४ च्या आसपास. वरचं सुटलं तर log_√2 3 = 2L, मग 17/4 − L, २.६६ च्या आसपास. दोन्ही वेळेला शेपूट राहतं. "सोपे रूप द्या" म्हटलेल्या गणितात शेवटी शेपूट राहिलं तर मी आधी फोटो परत बघतो आणि मग माझी रीत तपासतो.

कोडवाला
मघाशी बेस दिसलाच नव्हता, सॉरी. आता नीट केलं:

```
from math import log, sqrt
print(log(27, 4) * log(8, 9))
print(log(12, 2) - log(sqrt(3), sqrt(2)))
```

पहिल्यात २.२५, दुसऱ्यात २, शेवटच्या कुठल्यातरी दशांशात किंचित इकडेतिकडे दिसलं तर सोडून द्या. log ला दुसरा आकडा दिला की तो बेस. आतून तो भागाकारच करतो, म्हणजे तुमचं बेसबदलाचं सूत्रच, आणि म्हणून कधी कधी शेपटाला घाण येते. मला एकदा `log(1000, 10)` ने 2.9999999999999996 दिलं होतं आणि मी त्याला int लावून अंक मोजत होतो, तर ३ च्या ऐवजी २ आला. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून दहाला log10 च वापरतो.

साध्या कॅल्क्युलेटरवर करणाऱ्यांसाठी, log बटण दहाचं असतं, तर log₄27 ला log 27 भागिले log 4 असं करायचं, दोन वेगळे लॉग. log(27÷4) नाही. ते केलं तर ०.८३ येतं, आणि ती वजाबाकी आहे, भागाकार नाही.

जुना_खडू
तुमची मशीन जे करते ते आम्ही लॉगच्या पुस्तकातून करायचो. चार दशांशांची सारणी. २ चा ०.३०१०, ३ चा ०.४७७१, हे दोन मला अजून झोपेत विचारा. log₂3 म्हणजे ०.४७७१ भागिले ०.३०१०, १.५८५. आणि गंमत म्हणजे हा भागाकार हाताने किचकट वाटला तर त्याच्यासाठी परत सारणीच उघडायची, म्हणजे लॉगाचा लॉग. मुलं हसायची.

निशिगंध
मी पण लॉगमधेच अडकलेय म्हणून इथेच विचारते, वेगळा धागा नको. खडू सर म्हणाले की बेस आणि आतला आकडा दोघांना एकच घात असेल तर लॉग हलत नाही. मग माझं हे का चुकलं:

log₄(x − 3)² = 1

४ म्हणजे २ चा वर्ग, आत पण वर्ग, दोन्हीकडचा वर्ग काढला, log₂(x − 3) = 1, म्हणजे x − 3 = 2, x = 5. उत्तरात ५ आणि १ दोन्ही आहेत. १ कुठून आला? आणि १ घातला तर x − 3 ऋण येतो, ऋण आकड्याचा लॉग नसतोच ना?

अर्धा_कप
पुस्तकात चुकलं असेल. ऋणाचा लॉग नसतो हे पक्कं आहे.

घातांक
पुस्तक बरोबर आहे. मूळ समीकरणात १ घाला. x − 3 = −2, पण त्याचा वर्ग झालाय, ४. log₄4 = 1. बसलं. मूळ गणितात लॉगच्या आत ऋण कधी गेलंच नाही, वर्ग होता ना. ऋण तुम्ही आत नेलंत, वर्ग काढून टाकताना.

जुना_खडू
चूक माझीही आहे, मी अट बोललो नाही. तो नियम आतला आकडा धन असेल तेव्हाचा. √3 धन होता म्हणून वर बिनदिक्कत चाललं. x मात्र काहीही असू शकतो. सम घात, म्हणजे २, ४, ६ असा घात काढताना आतमधे निरपेक्ष किंमत घ्यायची:

log₄(x − 3)² = log₂|x − 3|

मग |x − 3| = 2, आणि x = 5 किंवा x = 1. बेसबदल निर्दोष आहे, पण "घात पुढे आणा" म्हणताना आतल्याचं चिन्ह हरवतं. मूळ समीकरण ऋण x − 3 ला पण चालत होतं, तुमचं नवं समीकरण फक्त धनाला चालतं. दार अरुंद केलं की अर्धी उत्तरं बाहेर राहतात.

निशिगंध
हां आत्ता कळलं. मी शेवटी पडताळा घेते नेहमी, ५ घालून बघितलं होतं, बरोबर आलं म्हणून पुढे गेले.

घातांक
पडताळ्याने जास्तीचं उत्तर पकडलं जातं, हरवलेलं नाही. ५ ला विचारून १ चा पत्ता लागत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीला बघावं लागतं की x ला आधी जेवढी मुभा होती तेवढीच आत्ता आहे का.

सायली_लिहिते
तुमचं होईस्तोवर मी भाच्याला फोन केला. त्याने वही परत बघितली, दोन्हीकडे मूळ आहे म्हणे, आणि त्याचं स्वतःचं उत्तर काय होतं माहितीये? 7/2. अर्धा कप यांचंच 😄 ३६ आणि २१६ करून दीड, आणि वर २. मी त्याला दोनाच्या वर गुणिले एकाच्या खाली ते सांगितलं, एक मिनिट गप्प बसला आणि म्हणाला हो की.

आता दुसरी ओळ. ही मला खरंच वाचता येत नाहीये. दोन आकडे एकावर एक आहेत, log च्या लगेच पुढे, एक वर एक खाली:

log₂²6 − log₂²3 − 2 log₂3

वरचा २ कशाचा? आणि हे पण "सोपे रूप द्या" मधेच आहे.

अर्धा_कप
या वेळेला नीट विचार करून बोलतो. घात पुढे आणा. log₂6² वजा log₂3² असं वाचलं तर 2log₂6 − 2log₂3 − 2log₂3. पहिल्या दोघांचा फरक २, मग 2 − 2L. बरोबर आहे की नाही?

घातांक
आकडेमोड अगदी बरोबर. वाचन मला वेगळं वाटतं. घात log या शब्दावर चिकटलाय, आतल्या ६ वर नाही, तर मी ते (log₂6)² असं वाचेन, आख्ख्या लॉगचा वर्ग. मग घात पुढे येतच नाही. ती वेगळी वस्तू आहे. ३ वर करून बघा, log₂(3²) म्हणजे ३.१७ आणि (log₂3)² म्हणजे २.५१.

तसं वाचलं तर log₂6 = 1 + L, त्याचा वर्ग 1 + 2L + L², त्यातून L² गेला, 2L गेला, उरला 1. शेपूट नाही.

कोडवाला
तिसरं पण वाचन आहे. आमच्याकडे log²n चा अर्थ काही जण लॉगचा लॉग असा घेतात. log₂(log₂3) घेतलं तर ०.६६ येतं. एका चर्चेत दोघांनी दोन अर्थ धरले होते आणि दोघंही एकमेकांना मूर्ख समजत होते.

घातांक
हो, तो पण वापर आहे. म्हणून मी स्वतः लिहिताना कंस घालतोच. पण इथे लॉगचा लॉग घेतला तर काही कटत नाही, तुमचं वाचन शाळेच्या गणिताला बसत नाही.

जुना_खडू
घातांक, उत्तर 1 येतं म्हणून तेच वाचन खरं, हे मला पूर्ण पटत नाही हो. वर्गाचंच असावं असं मलाही वाटतं, पैज लावा म्हटलं तर त्यावरच लावीन. पण सुबक उत्तर हा पुरावा नाही. मघाशीच log₃₆216 सुबक आलं होतं की नाही?

घातांक
ते वेगळं सर. तिथे रीत चुकीची होती, इथे रीत तिन्ही वाचनांत बरोबर आहे, प्रश्न फक्त काय लिहिलंय याचा आहे. काय लिहिलंय ते ठरवताना पेपर काढणाऱ्याचा हेतू बघणं चूक नाही. − 2 log₂3 हे पद बघा, (1 + L)² मधला मधला तुकडा अगदी तेवढाच आहे. तो उगाच तिथे ठेवलेला नाही.

जुना_खडू
हे मात्र मान्य, 2L चा मुद्दा जोरदार आहे. तरी मी मुलाला सांगीन, उत्तराच्या आधी एक ओळ लिही, "इथे log₂²6 म्हणजे (log₂6)² असे घेतले आहे". तपासणाऱ्याला दुसरा अर्थ हवा असला तरी तुझी रीत दिसते.

अर्धा_कप
आणि तपासणारा माझ्यासारखा असला तर?

जुना_खडू
तर 2 − 2L ला पण गुण देईल, आकडेमोड बरोबर आहे तुमची.

सायली_लिहिते
त्याला दोन्ही पाठवलं, वर ती ओळ लिहायला सांगितलीये. त्याच्या मित्राकडे छापील कागद आहे, त्यावर तो २ कुठे आहे ते उद्या बघून सांगतो म्हणालाय. सांगितलं की इथे टाकते. आणि पुढच्या वेळी सरळ वरून फोटो काढ, सावली पाडू नकोस, एवढं बजावलंय.